मदत हवी आहे: नेत्रदानाचं काम करणाऱ्या काकांचा १५० शब्दांत परिचय (पुरस्काराचा अर्ज, मुदत शुक्रवार)

खाडीकाठचा:
ठाण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. वय ७१, बँकेतून निवृत्त. २००९ पासून नेत्रदानाचं काम करतात. इथल्याच एका संस्थेच्या वार्षिक पुरस्कारासाठी सोसायटीतर्फे त्यांचं नाव पाठवायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीचा अर्ज भरून झाला, एका रकान्यावर अडलोय: "योगदान व त्याचा परिणाम, १५० शब्दांपर्यंत". मी लिहिलेलं असं:

"नेत्रदान चळवळीचे दीपस्तंभ आणि थोर समाजसेवक श्री. ... यांनी अहोरात्र निःस्वार्थपणे झटून असंख्य अंधांच्या जीवनात प्रकाश पेरला आहे. त्यांनी ५००० हून अधिक नेत्रदान संकल्पपत्रे भरून घेतली..."

बायकोनं वाचलं आणि विचारलं, "यातलं काकांचं काय आहे? नाव बदललं तर रक्तदानवाल्या नानांनाही चालेल." तिचं बरोबर आहे, पण मग लिहायचं काय? काका स्वतः काही सांगत नाहीत. त्यांची एक वही मात्र मागून आणली आहे.

जोशीबुवा:
वा, पुण्यकर्म! हे घ्या. "मान्यवर महोदय, आपण आपल्या कर्तृत्वाच्या नंदादीपाने अनेकांचा अंधार उजळलात. आपल्या करकमलांत हे मानपत्र अर्पण करताना आम्हांस कृतकृत्यता वाटते..." पुढचं रात्री टाइप करतो. शाल-श्रीफळाच्या आधी वाचायचं की नंतर, त्यावर शेवटचा परिच्छेद ठरेल.

खाडीकाठचा:
बुवा, मानपत्र नकोय हो, अजून निवडच व्हायची आहे. हा अर्जातला रकाना आहे. निवड झाली की तुमच्याच दारी येतो.

ऐरोलीकर:
विशेषणं सगळी उडवा, आकडे टाका. निवड समितीला आकडे लागतात. ५००० संकल्पपत्रं अगदी पहिल्या ओळीत. प्रत्यक्ष नेत्रदानं किती झाली? त्याला दोनने गुणा, तेवढ्या लोकांना दृष्टी मिळाली असं लिहा. पद्मच्या अर्जातसुद्धा असंच लिहितात.

सुमेधा_वाशी:
विशेषणं उडवा, इथपर्यंत ऐरोलीकरांशी सहमत. पुढचं मात्र करू नका. मी एका नेत्रपेढीत सात वर्षं समुपदेशक होते, आणि दोन वर्षं अशाच एका पुरस्काराचे अर्ज वाचून पहिली चाळणी लावायचं कामही केलंय. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगते.

संकल्पपत्र भरल्यानं नेत्रदान होत नाही. माणूस गेल्यावर निर्णय घरच्यांचा असतो. संकल्पपत्र कपाटात आहे आणि मुलगा नको म्हणाला, तर पथक हात हलवत परत जातं. उलट संकल्पपत्र नसताना बायको-मुलांनी हो म्हटलं, तर नेत्रदान होतं. त्यामुळे ५००० वाचून समितीतला जाणकार एवढंच म्हणणार की शिबिरं बरीच झालेली दिसतात.

दोनने गुणणं तर अर्ज बाद करणारी चूक आहे. काढलेला प्रत्येक कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, बसवला जात नाही. रक्ताच्या तपासणीत कावीळ किंवा एचआयव्ही निघतो, कधी पेशी पुरेशा नसतात, मग तो संशोधनाला किंवा डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला जातो. शिवाय ते बसवणारे काका नव्हेत. समितीत एक जरी नेत्रतज्ज्ञ असला तरी "शेकडो जणांना दृष्टी दिली" असल्या वाक्यावर पेन थांबतं, आणि मग वरच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

आणि पद्मच्या अर्जात ८०० शब्दांपर्यंत मोकळीक असते. तुमच्याकडे १५० आहेत, त्यात आयुष्य बसत नाही. काकांनी नेमकं केलं काय आणि त्यानं बदललं काय, एवढंच बसतं.

वहीत कोणते रकाने आहेत ते सांगा.

खाडीकाठचा:
लांब पानांची हिशेबाची वही आहे. तारीख, फोन किती वाजता आला, ठिकाण, निधनाची वेळ, पथक किती वाजता पोचलं, झालं की नाही, नाही तर का. काल रात्री दोघांनी बसून मोजलं. एकूण फोन ३४१. नेत्रदान झालं २६३. झालं नाही ७८, त्यांत घरच्यांनी नकार दिला ४१, उशीर झाला २२, वैद्यकीय कारण १५.

एक नोंद जशीच्या तशी: "रात्री २:१०. कळवा, चाळ. पाऊस, गाड्या बंद. पंखा बंद केला. उशी दिली. कापूस दोनदा बदलला. पथक ५:२०. झाले. मुलीने चहा दिला."

काकूंना विचारलं तेव्हा कळलं, ते स्कूटरवरून गुडघाभर पाण्यातून गेले होते. त्यांची एक पिशवी दाराच्या खुंटीला कायम टांगलेली असते. कापूस, पाण्याची बाटली, टॉर्च, कोरी संमतिपत्रं आणि दोन पेनं. दोन का, तर म्हणे अशा घरात पेन सापडत नाही.

नंदिनी_कोपरखैरणे:
विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचे सासरे पहाटे चारला गेले. त्यांची इच्छा होती. पण सगळे म्हणाले, थोरले दीर गावाहून येऊ देत, मग बघू. फोन केला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पलीकडच्या बाईंनी फार हळुवारपणे नाही म्हणून सांगितलं. आम्हांला वाटत होतं, त्यांना मधुमेह होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तसंही घेतलं नसतं. खरं काय?

सुमेधा_वाशी:
नंदिनीताई, मधुमेह, चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन यामुळे सहसा अडत नाही. अडलं ते वेळेमुळे. साधारण सहा तासांच्या आत कॉर्निया काढावा लागतो. त्यात तुमचा दोष नाही, त्या घटकेला घड्याळ कोण बघतं?

खाडीकाठचा, तुमच्या वहीतले ते २२ म्हणजे अशीच बावीस घरं. ती कोणत्या वर्षांतली आहेत ते बघाल का?

खाडीकाठचा:
बघितलं आणि उडालोच. २२ पैकी १७ नोंदी २०१६ पर्यंतच्या. काकूंना विचारलं, २०१६ मध्ये काय झालं? त्या म्हणाल्या, त्या वर्षी लागोपाठ तीन घरी उशीर झाला आणि हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांनी शिबिरं बंद केली आणि स्मशानभूमीतले कर्मचारी, शववाहिनीचे चालक, सोसायट्यांचे रखवालदार यांना भेटायला लागले. सांगायचं एकच, "दाखला, पास, हार नंतर. आधी मला फोन."

ऐरोलीकर:
मग हेच लिहा की! "त्यांच्यामुळे उशीर टळू लागले."

सुमेधा_वाशी:
"त्यांच्यामुळे" नको. त्याच काळात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, नेत्रपेढ्यांची पथकंही वाढली असतील. दोन गोष्टी शेजारी मांडा, २०१६ ला काय सुरू केलं आणि नोंदी काय म्हणतात. वाचणारा जोडून घेतो, आणि स्वतः जोडलेलं त्याला पटतं.

अजून एक विचारते. गेल्या वर्षभरातल्या किती फोनांना काका स्वतः गेले? परिणाम या शब्दाखाली मी अर्जात हेच शोधायची. माणूस आजारी पडला तर काम चालतं का?

खाडीकाठचा:
गेल्या वर्षी ३१ फोन. १२ ठिकाणी काका, १९ ठिकाणी दुसऱ्यांची आद्याक्षरं आहेत. काकूंच्या मते अशी १४ माणसं तयार झालीत. त्यांत दोन शववाहिनीचे चालक आहेत.

नवा मसुदा टाकतोय, न घाबरता फाडा:

"श्री. ... (वय ७१, निवृत्त बँक कर्मचारी) हे २००९ पासून ठाणे व कळवा परिसरात नेत्रदानासाठी मृताचे कुटुंब आणि नेत्रपेढी यांच्यातील दुवा म्हणून काम करतात. निधनाचा निरोप मिळताच ते घरी जातात, नातेवाइकांशी बोलतात, संमतिपत्र भरून घेतात आणि पथक येईपर्यंत डोळे कोरडे पडू नयेत याची काळजी घेतात. त्यांच्या वहीत ३४१ फोनांची नोंद आहे. त्यांपैकी २६३ ठिकाणी नेत्रदान झाले, २२ ठिकाणी उशिरामुळे हुकले. २०१६ मध्ये त्यांनी शिबिरे थांबवून स्मशानभूमीतील कर्मचारी, शववाहिनीचे चालक आणि सोसायट्यांचे रखवालदार यांना वेळेत फोन करण्यास शिकवायला सुरुवात केली. उशिराच्या २२ नोंदींपैकी ५ त्यानंतरच्या आहेत. आज १४ जण हे काम स्वतंत्रपणे करतात. गेल्या वर्षीच्या ३१ पैकी १९ फोन त्यांनीच हाताळले."

सुमेधा_वाशी:
फाडायला काही ठेवलं नाहीत. शब्द शंभराच्या आसपासच आहेत, पण उगाच भरू नका. अर्ज ऑनलाइन असेल तर आधी एकदा पेस्ट करून बघा. काही रकाने शब्दांऐवजी अक्षरं मोजतात, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं धरतात. "क्षे" हे एक अक्षर चार होतं. आमच्याकडे एका बाईंचा परिचय "त्यांनी आदिवासी मुलींसाठी" इथेच तुटून आला होता.

जोशीबुवा:
फारच कोरडं वाटतं बुवा. निदान "दृष्टिदाता" एवढा एक शब्द तरी घाला.

नंदिनी_कोपरखैरणे:
मला ते दोन पेनांचं यात हवं होतं.

खाडीकाठचा:
मलाही. पण कुठे घालू? बायको म्हणते, शिफारसपत्र ती लिहितेय, त्यात घालते. कळव्याच्या चाळीचंही त्यातच, ठिकाण न सांगता. त्या मुलीला विचारल्याशिवाय तिचं घर कागदावर आणायचं नाही असं ठरलंय.

आता एक नवीनच भानगड. नेत्रपेढीकडून आकड्याचं पत्र मागवलं, ते आज आलं. त्यात २०१२ पासून २३१ नेत्रदानं आहेत. आधीची ३२ दुसऱ्या पेढीकडे गेली होती आणि तिथल्या जुन्या नोंदी मिळत नाहीत. अर्जाला जोडायला पत्र आहे २३१ चं, वही म्हणते २६३. कोणता आकडा लिहू?

सुमेधा_वाशी:
२३१. पत्र आहे तेवढंच. वाक्यात "२०१२ पासून" घाला.

ऐरोलीकर:
हे मला पटत नाही. वही ही पण नोंदच आहे, आणि ती माणसाच्या हातची आहे. ती ३२ घरं काय खोटी? दोन्ही लिहा, वहीत २६३, त्यांपैकी २३१ ला पत्र.

सुमेधा_वाशी:
घरं खरी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण दोन आकडे दिले की समिती आधी फरकच विचारते. तरी तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, ३४१ आणि २२ वहीतलेच आहेत. तिथे वही चालते आणि इथे नाही, हे जरा विचित्र होतंय खरं.

खाडीकाठचा:
गुरुवार रात्रीपर्यंत वेळ आहे. वहीची पहिली तीन वर्षं झेरॉक्स करून जोडायची का, हे काकांनाच विचारतो. पण त्यांना अजून अर्जाबद्दल नीटसं सांगितलेलंच नाही. वही "सोसायटीच्या अहवालासाठी" म्हणून मागितली होती.