मदत हवी आहे: बुलेट नोट्स मार्कडाउनमध्ये आणल्या की आकड्यांची पायरी करड्या चौकटीत जाते आणि कमेंट हेडिंग बनते

चकाला_नाइटशिफ्ट: नमस्कार मंडळी, अंधेरीच्या ऑफिसात सर्व्हरच्या नोट्स वर्षानुवर्षं वर्डमध्ये बुलेट करून ठेवल्यात, त्या आता गिटहबवर मार्कडाउनमध्ये आणायच्यात. वरच्या बुलेटचं हेडिंग केलं, बाकी मजकूर होता तसाच ठेवला:

```
## डिस्क भरली
    1. जागा बघा
# किती भरलीय
df -h
    2. जुने लॉग काढा
sudo journalctl --vacuum-time=7d
```

पहिली पायरी करड्या चौकटीत गेली, "किती भरलीय" हे डिस्क भरलीपेक्षाही मोठं हेडिंग झालं आणि त्याच्या खालचं सगळं एका ओळीत चिकटलं. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा पोरं हेच पान उघडून कमांड कॉपी करतात, त्यामुळे नीट दिसायलाच हवं. कुठे गडबड आहे?

विक्रोळीकर: सोप्पंय, आतलं जे काही असेल त्याला सगळीकडे चार स्पेस द्यायच्या. मी कायम तेच करतो, कधी अडलं नाही.

चकाला_नाइटशिफ्ट: अहो पण यादीला चार स्पेस आहेतच की, म्हणूनच तर गोंधळलोय.

गिरगावची_मेधा: मला पण असाच त्रास झालेला, कॉलेजच्या नोट्स वर्डमधून पीडीएफ करताना बुलेटच्या जागी चौकोन यायचे, शेवटी फॉन्ट बदलला. तुम्ही फॉन्ट बदलून बघितलात का?

जुना_सिसॅडमिन: मेधाताई, ते वेगळं, इथे फॉन्टचा संबंध नाही. विक्रोळीकर म्हणतात त्या चार स्पेस यादीच्या आत चालतात, पण इथे यादी सुरूच झालेली नाही. वर्डमध्ये "जागा बघा" हे "डिस्क भरली" या बुलेटच्या पोटात होतं म्हणून आत सरकलेलं होतं. तुम्ही त्या वरच्या बुलेटचं हेडिंग केलंत, आणि हेडिंगला पोट नसतं, त्याच्या खाली सगळं परत डाव्या कडेपासून सुरू होतं. मग कडेपासून चार स्पेस आत असलेली ओळ दिसली की मार्कडाउन तिला कोड समजतं, ती तुमची करडी चौकट. `df -h` मात्र साधा परिच्छेद झाला, आणि परिच्छेद चालू असताना आत सरकवलेली ओळ नवीन काही सुरू करत नाही, त्यालाच जोडली जाते, म्हणून खालचं सगळं चिकटलं. आणि शेलची कमेंट `#` ने सुरू होते, कुंपण नसेल तर ती पहिल्या पातळीचं हेडिंगच.

तेव्हा यादी कडेला आणा आणि कमांडला तीन बॅकटिकांचं कुंपण घाला, पण ते कुंपण पायरीच्या मजकुराच्या पहिल्या अक्षराखाली यायला हवं. `1. ` म्हणजे आकडा, टिंब, स्पेस, म्हणून तीन स्पेस:

````
## डिस्क भरली

1. जागा बघा

   ```bash
   # किती भरलीय
   df -h
   ```

2. जुने लॉग काढा

   ```bash
   sudo journalctl --vacuum-time=7d
   ```
````

कुंपण कडेला ठेवलंत तर यादी तिथेच तुटते. सगळ्या पायऱ्यांना `1.` लिहायची सवय असेल तर हे लगेच कळतं, कारण प्रत्येक कमांडनंतर आकडा परत एकपासून सुरू होतो. दहाव्या पायरीपासून आकडा दोन अंकी होतो, तिथे तीन स्पेस पुरत नाहीत, चार लागतात. साध्या `-` खाली दोन.

चकाला_नाइटशिफ्ट: वा, दिसलं एकदम नीट! फक्त एका पानावर कमांड कॉपी केली तर चालत नाहीये, `--` च्या जागी एकच लांब रेघ दिसतेय.

जुना_सिसॅडमिन: ती वर्डने आपोआप बदललेली रेघ, अवतरणचिन्हंही तशीच वाकडी झालेली असतील. कुंपण ते दुरुस्त करत नाही, हाताने बदला. आणि वर्डचा `•` राहिला असेल तर त्यालाही मार्कडाउन बुलेट मानत नाही, `-` करा.

विक्रोळीकर: पण आमच्याकडे एमकेडॉक्सवर दोन-तीन स्पेस दिल्या की आतली यादी बाहेरच्या यादीतच मिसळते, चारच लागतात. हे मी खरंच बघितलंय.

जुना_सिसॅडमिन: बरोबर आहे तुमचं, ते पायथन-मार्कडाउन वापरतं आणि त्याचा नियम चारचाच. तिथे यादीतलं कुंपण चालायला `pymdownx.superfences` पण चालू करावं लागतं. पान दोन्हीकडे दाखवायचं असेल तर आतल्या सगळ्याला चार द्या, `1. ` खाली गिटहबवरही चार चालतात. फक्त हेडिंगखालची पहिली यादी कडेलाच.

चकाला_नाइटशिफ्ट: आता एकच अडलंय. काही नोट्स चार-पाच पातळ्या खोल आहेत, हेडिंग कुठवर करायचं आणि यादी कुठून?

जुना_सिसॅडमिन: माझा हिशोब असा की ज्या बुलेटखाली कमांड किंवा परिच्छेद आहे ती हेडिंग, एका ओळीची आहे ती यादी. पानाचं नाव `#`, मग `##`, `###`, मधली पातळी गाळायची नाही.

विक्रोळीकर: मला नाही पटत, `####` पर्यंत गेलं की बाजूची अनुक्रमणिका भरून जाते, रात्री शोधणाऱ्याला काही सापडत नाही. मी `###` ला थांबतो आणि पुढचं वेगळ्या पानावर टाकतो.

चकाला_नाइटशिफ्ट: दोन्ही पद्धतीने एकेक पान करून शिफ्टच्या पोरांना दाखवतो, कुठलं बरं वाटतं ते इथेच लिहीन.