शब्दचर्चा: वॉशिंग मशीनसाठी ‘नळजोडणी’ मागायची की आणखी काही?

इंदिरानगरकर: भाड्याच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन बसवायचं आहे. घरमालकांना पत्र पाठवलं, त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘वॉशिंग मशीनसाठी स्वतंत्र नळजोडणी देण्याची परवानगी मिळावी.’ काकांचा लगेच फोन आला. म्हणाले, महापालिकेत अर्ज, घरपट्टीची पावती, सोसायटीचा ना हरकत दाखला, हे सगळं मी का करू? मला तर बाथरूममध्ये मशीनची नळी लावण्यापुरती सोय हवी होती. माझा शब्द कुठे चुकला?

सातपूरकर: काकांचं बरोबर आहे. नाशकात नळजोडणी म्हटलं की महापालिकेच्या लाइनवरून इमारतीला येणारं कनेक्शनच डोळ्यांपुढे येतं. घरातल्या घरात जे करतात त्याला आम्ही प्लंबिंगवाले ‘पॉइंट’ म्हणतो. पण तुम्ही ‘नवीन पॉइंट’ लिहिलंत तरी काका घाबरतील, कारण त्याचा अर्थ टाइल फोडून भिंतीतून पाइप काढणं. तुमच्या बाथरूममध्ये आत्ता नळ कुठे आहे?

देवळालीकर: सॉकेटचंही लिहा. माझ्या मालकांनी पाण्याला लगेच हो म्हटलं, पण सोळा अँपिअरचा सॉकेट नव्हता. त्यावर महिना गेला.

इंदिरानगरकर: सॉकेट आहे. नळ मशीनच्या जागेपासून हातभर अंतरावर आहे, बादली भरण्याचा साधा नळ.

सातपूरकर: मग भिंतीला हात लावायची गरजच नाही. तो नळ काढायचा, त्याच जागी टू-वे कॉक बसवायचा. एका तोंडाने बादली भरा, दुसऱ्यावर मशीनची नळी. भिंतीतला आटा बहुधा अर्ध्या इंचाचा असतो आणि मशीनच्या नळीचा नट पाऊण इंचाचा, म्हणून कॉक घेताना मशीनकडचं तोंड पाऊण इंची आहे ना ते बघा. नाहीतर लोक टेफ्लॉन टेपचे थरावर थर देतात आणि आठवड्याभरात ठिबकायला लागतं. पत्रात ‘आहे त्याच नळाच्या जागी’ हे शब्द हवेतच. मालकाला खरी भीती भिंतीची असते.

पंचवटीकर: मी मराठी शिकवत होते, म्हणून वाक्यरचनेबद्दल बोलते. ‘नळजोडणी देण्याची परवानगी’ यात जोडणी देणारे काका, पण परवानगी मागणारे तुम्ही, असा गोंधळ झाला आहे. ‘बसवण्यास परवानगी द्यावी’ लिहा, म्हणजे काम कोण करणार ते कळतं. खरं तर ‘परवानगी’पेक्षा ‘संमती’ शोभेल. आणि कॉक, पॉइंट कशाला? ‘जलजोड’ म्हणा.

सातपूरकर: बाई, वाक्याचं पटलं. पण ‘जलजोड’ दुकानात कुणाला समजणार नाही, आणि काकांना पुन्हा महापालिकाच आठवेल.

देवळालीकर: ‘संमती’ही इथे मवाळ वाटतं. घर त्यांचं, हो-नाही म्हणण्याचा अधिकार त्यांचा. तिथे परवानगीच. उद्या काही गळालं तर ‘परवानगी दिली होती’ हे वाक्य स्पष्ट उभं राहतं.

आणखी एक. मी पत्रात ‘मशीनचं पाणी बाथरूममध्ये सोडू’ लिहिलं होतं. मालक म्हणाले, सोडणार म्हणजे फरशीवर? गंगापूर धरणातून पाणी सोडतात, तसं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं! नंतर मी खरंच नळी जमिनीवर टाकली. पुढून दार असलेलं मशीन भरत राहायचं, भरलेलं पाणी आपोआप निघून जायचं, धुणं सुरूच होईना. नळीचं टोक दोन-अडीच फुटांवर अडकवलं तेव्हा थांबलं.

सातपूरकर: हो, टोक मशीनमधल्या पाण्याच्या पातळीच्या खाली गेलं की असंच होतं. काही वरून दार असलेल्या मशीनमध्ये मात्र पंप नसतो, तिथे नळी खालीच ठेवावी लागते. मशीनचं पुस्तक बघा. पत्रात ‘सांडपाणी नहाणीच्या जाळीत जाईल’ एवढं पुरे.

इंदिरानगरकर: आता असं लिहिलं आहे:

‘स.न.वि.वि. बाथरूममधील नळ काढून त्याच जागी टू-वे कॉक बसवण्यास व त्यास वॉशिंग मशीनची नळी जोडण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. भिंत किंवा टाइल फोडावी लागणार नाही. सांडपाणी नहाणीच्या जाळीत जाईल. खर्च मी करीन. कॉकमधून गळती झाल्यास दुरुस्ती माझी. घर सोडताना जुना नळ पूर्ववत बसवून देईन. महापालिकेच्या नळजोडणीत काही बदल नाही.’

पंचवटीकर: शेवटचं वाक्य पहिलं घ्या, त्यांचं मन तिथेच अडलं आहे. काकांचं वय जास्त असेल तर ‘सा.न.वि.वि.’ करा. ‘टू-वे कॉक’ला ‘दोन तोंडांचा नळ’ का नको?

सातपूरकर: चालेल. पण दुकानात मागताना टू-वे कॉकच म्हणा.

देवळालीकर: ‘पूर्ववत’ म्हणजे तोच जुना नळ की तसाच नवा? माझ्याकडे घर सोडताना यावरूनच वाद झाला. जुना नळ हरवला होता.

इंदिरानगरकर: हे लक्षात नव्हतं आलं. ‘काढलेला नळ जपून ठेवून तोच बसवून देईन’ लिहितो. पण तो गंजला असेल तर काय लिहावं?