अनुभव धागा: फुकट प्लॅनवर वेबसाइट टाकली आणि मर्यादा कुठे आडव्या आल्या?

पाणकावळा: सुरुवात मीच करतो. पक्ष्यांच्या फोटोंची साइट केली, फुकट प्लॅन, १ जीबी स्टोरेज आणि महिन्याला १० जीबी ट्रॅफिक. मी फक्त स्टोरेज बघितलं, फोटो सगळे मिळून ३०० एमबी, म्हटलं भरपूर जागा आहे. लिंक दोन मोठ्या ग्रुपांवर टाकली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साइटच्या जागी पांढरं पान, वर 509 Bandwidth Limit Exceeded, आणि लोक विचारतायत लिंक चुकीची दिली का. फार वाईट वाटलं. घाबरून अर्धे फोटो उडवले, तरी महिना संपेपर्यंत साइट बंदच. तुमचं काय झालं, आणि आधी कसं ओळखायचं ते सविस्तर लिहा.

रेघोट्या: फोटो उडवून उपयोग नव्हता, स्टोरेज रिकामं होतं पण गेलेलं ट्रॅफिक परत येत नाही, ते पुढच्या महिन्यातच शून्यावर येतं. होमपेजवर किती फोटो होते आणि एकेक केवढा?

पाणकावळा: बारा. कॅमेऱ्यातून आले तसेच, साधारण ४ एमबीचा एक.

रेघोट्या: मग हिशोब बघा. बारा चोक ४८ एमबी, म्हणजे एका माणसाने पान एकदा उघडलं की ४८ एमबी गेले. १० जीबीत असं पान जेमतेम दोनशे वेळा उघडतं. दोन ग्रुप म्हणजे तेवढे लोक झालेच. तेच फोटो १६०० पिक्सेल रुंद करून सेव्ह केले तर एकेक २५० केबीच्या आसपास बसतो, पान ३ एमबीचं होतं आणि त्याच १० जीबीत तीन हजारांवर वेळा उघडतं. स्क्रीनवर फरक दिसतही नाही.

मंदा_लिहिते: मी एडिटरमध्येच फोटोचा कोपरा धरून लहान करते, पान पटकन उघडतं. तेवढं पुरतं की.

रेघोट्या: मंदाताई, काही बिल्डर खरंच मागच्या मागे लहान कॉपी बनवतात, तिथे तुमचं बरोबर आहे. पण बऱ्याच ठिकाणी दिसायला लहान होतो आणि फाइल तेवढीच उतरते. पान उघडून F12 दाबा, Network मध्ये जा, Disable cache वर टिक करा आणि रिफ्रेश करून पार खालपर्यंत स्क्रोल करा, कारण काही फोटो स्क्रोल केल्यावरच उतरतात. खाली transferred म्हणून आकडा येतो तेच पानाचं खरं वजन. प्लॅन घ्यायच्या आधी एक नमुना पान करून हे बघावंच, पाच मिनिटांचं काम आहे.

मंदा_लिहिते: बघितलं. ३१ MB दाखवतंय. आज बसून सगळे फोटो बदलते.

सांजवारा: माझा अनुभव जाहिरातींचा. बाबा गेल्यावर त्यांच्या पत्रांचं एक पान केलं, नातेवाइकांना पाठवलं. मला पान स्वच्छ दिसायचं. आत्याने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं, बाबांच्या शेवटच्या पत्राच्या बरोबर खाली वजन कमी करण्याची जाहिरात. मी लॉगिन असल्यामुळे मला ती दिसतच नव्हती. रडू आलं अक्षरशः. तेव्हापासून कुठलंही पान पाठवायच्या आधी प्रायव्हेट विंडोत आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघते.

गणू७७: या जाहिरातींचे पैसे आपल्याला कधी मिळतात? माझ्या साइटवर पण चार दिसतात पण कुठेच बॅलन्स दिसत नाहीये

रेघोट्या: गणू, त्या साइट देणाऱ्याच्या जाहिराती, तुमची जागा ते फुकट देतात त्या बदल्यात. त्यात तुमचा वाटा सहसा नसतो, आणि स्वतःच्या जाहिराती लावायलाही फुकट प्लॅनवर बहुतेक परवानगी नसते. नियमांत ‘व्यावसायिक वापर’ शोधून वाचा. गिटहब पेजेसवर जाहिराती नाहीत, साइट १ जीबीपर्यंत आणि ट्रॅफिक महिन्याला १०० जीबीच्या आसपास चालतं, पण ऑनलाइन दुकान चालवायला ते नाही.

उंबरठा: ब्रँडिंगचं मी सांगतो, तळाची ‘अमुकवर बनवलंय’ पट्टी एकवेळ चालते, पत्ता महागात पडतो. फुकट प्लॅनवर पत्त्यात त्यांचं नाव होतं, तोच पत्ता क्यूआर कोडमध्ये घालून कार्डं छापली, वाटली. वर्षाने दुसरीकडे हललो तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर लोकांना पाठवायची सोयच नाही, ती पैसे भरणाऱ्यांनाच. जुनी साइट अजून तशीच ठेवलीये, वर नवा पत्ता लिहून.

सांजवारा: मग स्वतःचं डोमेन पहिल्या दिवशीच घ्यावं का?

उंबरठा: मी म्हणेन हो, छापायच्या आधी तरी नक्की.

रेघोट्या: मला नाही पटत. कित्येक फुकट प्लॅन स्वतःचं डोमेन जोडूच देत नाहीत, मग ते नुसतं पडून राहतं आणि दरवर्षी पैसे जातात. प्लॅन जोडू देतो का ते आधी बघा.

पाणकावळा: सगळे फोटो १६०० वर आणले. हिशोबाने पान आता ३ एमबीच्या आसपास. एक तारखेला साइट परत सुरू होईल, या वेळी लिंक एकाच ग्रुपवर टाकून रोज मीटर बघणार आहे. इथे कळवतो.