तांब्याच्या भांड्यातलं पाणी: पत्रकात नेमकं काय लिहावं?

अपर्णा, सुदामा नगर
आमच्या महिला मंडळाच्या पत्रकातलं आरोग्याचं अर्धं पान या वेळी माझ्याकडे आलंय. सासूबाई पन्नास वर्षं रात्री तांब्याच्या तपेल्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी उठल्यावर आधी तेच पितात, म्हणून तोच विषय घेतलाय. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात वजन, थायरॉइड, कॅन्सर सगळंच बरं होतं. तसं छापायला मन धजत नाही. थोतांड म्हणून त्यांना दुखवायचंही नाही. काय लिहू?

रोहन, विजय नगर
विषयच बदला. ‘काही प्रमाणात फायदा होतो’ असं छापलंत की वाचणारा ‘काही प्रमाणात’ विसरतो आणि ‘फायदा होतो’ तेवढं धरून बसतो. माझ्या मामांनी असलंच काही वाचून थायरॉइडची गोळी बंद केली आणि तीन महिने तांब्याचं पाणी प्यायले. पायांवर सूज आली, बोलणं जड झालं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. गोळी पुन्हा सुरू केल्यावर सावरले. ज्याने छापलं, त्याला याचा पत्ताही नाही.

शरदकाका, रामबाग
अपर्णा, माझी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे या प्रश्नाचं एक टोक मला माहीत आहे. बंगळुरू आणि कोलकात्याच्या संशोधकांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यात कॉलरा, टायफॉइड आणि हगवणीचे जंतू मुद्दाम मिसळले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलं. त्यानंतर त्यातून एकही जंतू वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेलं तांबंही मोजलं, ते लिटरला 0.18 मिलीग्रॅमच्या आसपास भरलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2 मिलीग्रॅमची आहे, म्हणजे खूपच खाली.

आता यातून काय निघतं ते बघ. प्रयोग भांड्यातल्या जंतूंवर होता, माणसांवर नव्हता. ‘या जंतूंविरुद्ध प्रयोगशाळेत परिणाम दिसला’ इतकं तू निर्धास्त लिही. वजन, थायरॉइड, कॅन्सर यांच्याशी त्या प्रयोगाचा काही संबंध नाही. रोहनच्या मामांची गोष्ट त्याच गल्लतीतून घडली.

नलिनीकाकू, लोकमान्य नगर
मग आम्ही काय वेगळं म्हणत होतो? आमच्या आईला प्रयोगशाळा ठाऊक नव्हती, तरी घागर तांब्याचीच होती. जंतू मरतात हे सिद्धच झालंय, तर फिल्टर आणि उकळणं दोन्ही कशाला? मी पाणी आलं की भरते आणि दोन तासांनी पिते. तांब्याने पाणी भारित होतं, तो भाग तर वेगळाच.

शरदकाका
नलिनीताई, अर्धं तुमचं बरोबर आहे. पण प्रयोग 16 तासांचा होता, त्याचा आधार घेऊन दोन तासांची खात्री देता येत नाही. तांबं पाण्यात हळूहळू उतरतं. दुसरं, पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर ते तांब्याने निवळत नाही, आणि बोअरच्या पाण्यातला नायट्रेट किंवा फ्लोराइड तांबं काढत नाही. तेव्हा उकळणं सोडू नका. भारित होण्याबद्दल म्हणाल तर तसं काही मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही.

वैशाली, राजेंद्र नगर
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. नातू नऊ महिन्यांचा आहे. चांगलं असतं म्हणून त्याचं दूधही तांब्याच्या गडव्यात ठेवायला लागले आहे. आत लख्ख घासते. चालेल ना?

शरदकाका
वैशालीताई, हे आजच थांबवा. दूध अजिबात ठेवू नका. पाण्यापेक्षा दुधात तांबं पुष्कळ जास्त उतरतं आणि त्यातल्या प्रथिनांना चिकटून पोटात जातं.

आपल्याकडे लहान मुलांना यकृत कडक होण्याचा एक आजार व्हायचा. पोट फुगायचं, कावीळ व्हायची आणि बरीच मुलं दगावायची. पुण्यात डॉ. भावे, डॉ. पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी 1983 मध्ये दाखवलं की या मुलांना अगदी लहानपणापासून वरचं दूध मिळत होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं असायचं. स्टील घरोघर आलं आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. काही मुलांच्या यकृतात जन्मतःच दोष असावा, भांडं हे एकटं कारण नसावं, असंही काही डॉक्टर मानतात. तो वाद पुरता मिटलेला नाही. पण बाळाच्या दुधासाठी वाद मिटायची वाट कोण बघेल? आणि गडव्यातलं दूध बरेच दिवस दिलं असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

ताक, लिंबूपाणी, चिंचेचं सार यांचंही तसंच. आपल्या आज्या म्हणायच्या ना, ‘कळकलं’. आंबट पदार्थ भांड्याचं तांबं ओढून घेतो, चव तुरट होते आणि मळमळतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर कल्हई.

रोहन
काका, हे पटलं. पण मूळ मुद्दा राहतोच. इंदूरला नर्मदेचं पाणी क्लोरीन घालून येतं. मग मारायला जंतू उरतात किती?

शरदकाका
नळातून स्वच्छ आलं तर फार कमी, हे मान्य. पण पाणी एक दिवसाआड येतं, टाकीत पडून राहतं आणि घरोघर पेला बुडवून घेतात. मधल्या काळात क्लोरीन उडून जातं. तिथे झाकलेल्या तांब्याच्या भांड्याचा उपयोग होत असेल. ‘होत असेल’ इतकंच, आपल्या टाक्यांवर असं कोणी मोजलेलं मला माहीत नाही.

नलिनीकाकू
जुन्या लोकांनी केलेल्या गोष्टीला दर वेळी ‘असेल’ आणि ‘नसेल’ लावलेलं मला नाही आवडत. सकाळी देवाचं नाव घेऊन ते पाणी प्यायलं की दिवस बरा सुरू होतो. हे कोण मोजणार?

रोहन
काकू, ते मोजायला नकोच. तसंच छापा ना, ‘आमच्या घरात सकाळची सुरुवात अशी होते’. त्याला माझा अजिबात विरोध नाही. विरोध आहे तो त्याच्या खाली रोगांची नावं लिहिण्याला.

शरदकाका
अपर्णा, मी असं लिहीन: ‘आमच्याकडे रात्री तांब्याच्या भांड्यात साधं पिण्याचं पाणी भरून सकाळी पिण्याची रीत आहे. असं पाणी 16 तास ठेवल्यास हगवणीचे काही जंतू मरतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. कोणताही आजार याने बरा होतो असं दिसलेलं नाही, म्हणून औषध सोडू नये. दूध, ताक, लिंबूपाणी यात ठेवू नये. शरीरात तांबं साठत जाण्याचा विल्सनचा आजार असलेल्यांनी हे पाणी घेऊ नये.’ भांडं चिंच-मिठाने घासून भरपूर धुवायला सांग. आत हिरवा थर दिसला तर त्यातलं पाणी पिऊ नये.

आणि भांडं आतून लाल आहे ना, ते आधी बघ. बाजारातल्या काही चकचकीत बाटल्यांना आतून लाखेसारखा थर असतो, मग पाणी तांब्याला लागतच नाही. उघडं तांबं वापरात चार-आठ दिवसांत काळपट पडतं. महिनाभर आरशासारखं राहिलं तर शंका घ्यावी.

अपर्णा
काका, आत्ता तपेलं खिडकीशी नेऊन बघितलं. पूर्वी त्यात आमटी व्हायची. आतून पांढरट आहे, तळाशी रुपयाएवढा एकच लाल डाग. म्हणजे कल्हई आहे ना? मग इतकी वर्षं पाण्याला तांबं लागलंच नाही?

शरदकाका
कल्हईच. पाणी कथलाला लागत होतं, त्या डागापुरतं काय ते तांबं. तो प्रयोग तुमच्या तपेल्याला लागू नाही.

नलिनीकाकू
आता हे सासूबाईंना सांगू नकोस गं.

रोहन
सांगा, आणि पाणी हवं असेल तर कसेरा बाजारातून बिनकल्हईची घागर आणा. लपवून कशाला ठेवायचं?

अपर्णा
अजून ठरवलं नाही. पत्रकात काकांचा मजकूर जसाच्या तसा देते आणि ‘भांडं आतून बघा, कल्हई असेल तर तांबं पाण्याला लागत नाही’ ही ओळ जोडते. पत्रक घरी पहिल्यांदा सासूबाईच वाचतात.