मदत हवी आहे: दर पंधरा दिवसांनी घेतलेला नमुना, स्टँडर्ड एरर अगदी लहान, तरीही सरासरी चुकीची?

खाडीकाठ

नमस्कार. मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मालवण तालुक्यातल्या एका खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांचं मोजमाप करते आहे. प्रश्न एवढाच की एक बाई एका दिवसात सरासरी किती किलो तिसऱ्या काढते. काळ १२० दिवसांचा धरला होता. गावी जायला एस.टी. आणि मुक्काम मिळून खर्च बराच होतो, म्हणून दर पंधराव्या दिवशी एक अशा आठ फेऱ्या केल्या. पहिली फेरी कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी होती, कारण तेव्हाच सुट्टी होती.

दर फेरीची सरासरी किलोमध्ये अशी आली: ९.४, ८.८, ९.६, ९.१, ८.५, ९.३, ८.९, ९.२. एकूण सरासरी ९.१, आणि नेहमीच्या सूत्राने स्टँडर्ड एरर ०.१३. मला वाटलं, काम फत्ते.

शेवटच्या फेरीला एक मावशी पाटी धुता धुता म्हणाल्या, "गो, तू नेहमी मोठ्या सुकतीकच येतंस. भांगाक ये, मगे बघ." सुकती म्हणजे ओहोटी, आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी. म्हणून मी खरंच अष्टमीला एक जादा फेरी मारली. खाडीत पाचच बायका होत्या (एरवी वीसेक असतात), आणि सरासरी ३.४ किलो भरली. माझ्या स्टँडर्ड एररच्या हिशोबाने असा दिवस जवळपास अशक्य आहे.

पुस्तकात लिहिलंय की सिस्टिमॅटिक सॅम्पलचा व्हेरिअन्स इंट्राक्लास कोरिलेशनवर अवलंबून असतो आणि ते ऋण असलं तर साध्या रँडमपेक्षा चांगलं. सूत्र पाठ आहे, पण माझ्या आठ आकड्यांत ते कोरिलेशन नेमकं कुठे बसलंय ते कळत नाही. आणि आता हे काम वाचवता येईल का? आणखी आठ फेऱ्यांचे पैसे आहेत आणि दोन महिने हातात आहेत.

सरळरेषा

सिस्टिमॅटिक नमुना रँडमपेक्षा चांगलाच असतो, कारण तो सगळ्या काळावर सारखा पसरतो. रँडममध्ये चार दिवस एकाच आठवड्यात यायचे आणि पुढचा महिना कोरडा जायचा. तुमची चूक एकच आहे: सुरुवातीचा दिवस सुट्टी बघून ठरवलात. १ ते १५ मधून चिठ्ठी काढून सुरुवात केली असती तर सगळं नियमात बसलं असतं.

फिजिओ_रत्नागिरी

इंट्राक्लास कोरिलेशन आम्ही रोज वापरतो. दोन जणांनी एकाच रुग्णाचा गुडघा किती वाकतो ते मोजलं तर मापं किती जुळतात ते त्यातून कळतं. तुम्ही वजन एकटीने केलंत की बरोबर कोणी होतं? दुसऱ्या कोणाकडून त्याच पाट्या परत तोलून घ्या, मग ते काढता येईल.

मोजपट्टी

फिजिओ, नाव तेच आणि कल्पनाही नात्यातलीच आहे, पण इथे काटा किंवा तोलणारा हा मुद्दा नाही. तुमच्याकडे एका रुग्णाची दोन मापं हा एक गट असतो. इथे गट म्हणजे एकाच सॅम्पलमध्ये एकत्र येणारे दिवस. पहिला, सोळावा, एकतिसावा असे आठ दिवस हा एक गट, दुसरा, सतरावा, बत्तिसावा हा दुसरा. असे पंधराच गट आहेत. सिस्टिमॅटिक नमुना म्हणजे या पंधरांतला एक अख्खा गट उचलणं. त्या गटातले दिवस एकमेकांसारखे आहेत की एकमेकांच्या विरुद्ध, ते हे कोरिलेशन सांगतं.

खाडीकाठ, तुमच्या बाबतीत ते १ च्या जवळ गेलं असणार. उधाण ते उधाण साधारण १४.७७ दिवस लागतात आणि तुम्ही १५ दिवसांनी जात होतात. दर फेरीला चुकामूक फक्त पाव दिवसाची, सात वेळा मिळून दीड दिवस. म्हणजे आठही फेऱ्या अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागेच पडल्या. मावशींनी हे पंचांग न बघता ओळखलं.

एक छोटं गणित हातानेच करून बघा, सूत्र आपोआप उलगडेल. समजा भरतीचं चक्र चारच दिवसांचं आहे आणि तिसऱ्या अशा मिळतात: उधाणाला १२ किलो, मधल्या दिवशी ८, भांगाला ४, परत मधल्या दिवशी ८. अशी तीन चक्रं, म्हणजे बारा दिवस. खरी सरासरी ८, आणि सगळ्या दिवसांचा व्हेरिअन्सही ८.

आता दर चौथा दिवस घ्या. शक्य असलेले नमुने चार. पहिल्यात १२, १२, १२. दुसऱ्यात ८, ८, ८. तिसऱ्यात ४, ४, ४. चौथ्यात परत ८. सरासऱ्या १२, ८, ४, ८ आणि त्यांचा व्हेरिअन्स ८. तीन दिवस रँडम उचलले असते तर सरासरीचा व्हेरिअन्स २.१८ आला असता. म्हणजे तीन दिवस मोजूनही तुम्ही एकच दिवस मोजल्यासारखं झालं.

```
V(sys) = (σ²/n) · [1 + (n − 1)ρ]
8 = (8/3) · (1 + 2ρ)   →   ρ = 1
```

उलट दर दुसरा दिवस घ्या. नमुने दोनच. पहिला १२, ४, १२, ४, १२, ४, दुसरा सहा वेळा ८. दोघांची सरासरी ८, व्हेरिअन्स शून्य. रँडम सहा दिवसांचा ०.७३ आला असता. सूत्रात घातलं तर कोरिलेशन उणे ०.२ येतं, आणि सहा दिवसांच्या नमुन्यात ते याहून खाली जाऊच शकत नाही. पहिला नमुना बघा: एक दिवस सरासरीच्या वर, की जोडीला एक खाली. ऋण कोरिलेशन म्हणजे हेच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. १२, १२, १२ हा नमुना हातात असलेल्याला नेहमीचं सूत्र स्टँडर्ड एरर किती देईल? शून्य. खरा किती? ८ चं वर्गमूळ, जवळजवळ ३ किलो. तुमचे ०.१३ तिथूनच आले. नमुन्याच्या पोटातले आकडे जितके एकसारखे, तितकं ते सूत्र खूश, आणि सिस्टिमॅटिकमध्ये तितकीच काळजी करायला हवी. पोटात फरक भरपूर असेल तरच हा नमुना रँडमला हरवतो.

सरळरेषा, चिठ्ठीने सुरुवात केली की सरासरी निःपक्षपाती होते हे खरं. पण ते पंधराही चिठ्ठ्या मिळून. एका चिठ्ठीत अष्टमी आली असती तर त्यांनी साडेतीन किलो लिहिलं असतं, तितक्याच लहान स्टँडर्ड एररसकट. चिठ्ठीने व्हेरिअन्स कमी होत नाही.

सरळरेषा

हे मान्य. मी व्हेरिअन्सचा विचारच केला नव्हता. मग उत्तर सोपं आहे ना: दर सातव्या दिवशी जा. चक्राचा अर्धा भाग ७.४ दिवसांचा. एकदा उधाण, एकदा भांग.

आंबेराई

आमच्या हापूसच्या बागेत हेच झालं होतं, आज कारण कळलं. बागेची बोली लावायच्या आधी फळं मोजायची म्हणून दर दहावं कलम धरलं. ओळीत कलमं दहाच, त्यामुळे दर वेळी गडग्याकडचं शेवटचं झाड आलं. तिथे वारा लागतो आणि मोहोर गळतो. अंदाज इतका कमी आला की बाग जवळजवळ स्वस्तात गेली होती. आता मी अकरावं धरतो, ते तिरकं सरकत जातं.

मोजपट्टी

आंबेराई, अगदी तेच, आणि अकरावं बरोबर आहे.

सातव्या दिवसाचं मात्र थांबा. भरतीसाठी सात छान, पण सात म्हणजे दर वेळी तोच वार. सोमवारी आणि गुरुवारी मासळीला उठाव कमी असतो, मग बायका खाडीत कमी उतरतात किंवा लवकर परततात. एका चक्रातून सुटून दुसऱ्यात अडकायचं. मी आठ दिवस घेईन. दर फेरीला वार एकाने पुढे सरकतो, आणि दोन फेऱ्यांचे सोळा दिवस म्हणजे चक्राच्या सव्वा दिवस पुढे. आठ फेऱ्यांत उधाण, भांग आणि मधले काही दिवस येतात, सातही वार येतात.

फक्त एक लक्षात ठेवा. अशा नमुन्यात कोरिलेशन ऋण असेल, त्यामुळे नेहमीचं सूत्र आता उलटं चुकेल आणि स्टँडर्ड एरर फुगवून सांगेल. एकाच सिस्टिमॅटिक नमुन्यातून खरा व्हेरिअन्स निःपक्षपातीपणे काढताच येत नाही, कारण पंधरा किंवा आठ गटांपैकी तुम्ही एकच पाहिलेला असतो. म्हणून एका माळेऐवजी दोन करा: १ ते १६ मधून दोन चिठ्ठ्या काढा आणि प्रत्येकीपासून दर सोळाव्या दिवशी चार फेऱ्या. दोन माळांच्या सरासऱ्यांतल्या फरकाचा वर्ग भागिले चार, हा तुमचा व्हेरिअन्सचा प्रामाणिक अंदाज. महालनोबिसांनी बंगालच्या तागाच्या पाहणीत स्वतंत्र, एकमेकांत गुंफलेले उपनमुने वापरले ते याच धाटणीचे. दोनच माळांवरचा अंदाज खूप डळमळीत असतो, ते लपवू नका. दोन्ही चिठ्ठ्या चक्राच्या एकाच बाजूला पडल्या तर सरासरीही थोडी कलेल. एका माळेची सुबकता सोडून खरा एरर मिळवायचा, असा हा सौदा आहे.

तिथीवाला

माझे आजोबा होडी चालवत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे त्यांचं गणित. अष्टमीला सहा, म्हणजे सुकती बाराच्या उन्हात, आणि पाणीही फारसं ओसरत नाही. त्या दिवशी कोण बाई उतरेल? चक्र आधीच माहीत आहे, तर चिठ्ठ्या कशाला? पंचांगावरून उधाणाचे, भांगाचे आणि मधले दिवस वेगळे करा आणि प्रत्येक ढिगातून रँडम दिवस उचला.

मोजपट्टी

तिथीवाल्यांचा मार्ग माझ्यापेक्षा चांगला असू शकतो. प्रत्येक ढिगातून किमान दोन दिवस घेतले तर व्हेरिअन्सही नीट निघतो. मला फक्त एवढीच शंका आहे की तीन ढिगांत आठ फेऱ्या वाटल्यावर वारांचा प्रश्न नशिबावर राहतो.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. १२, १२, १२ वाचलं आणि माझे आठ आकडे डोळ्यांसमोर आले. जुन्या फेऱ्या मी "उधाणाच्या दिवसांची सरासरी" म्हणूनच लिहीन. १२० दिवसांची म्हणणार नाही.

मार्गदर्शकांशी बोलून तिथीवाल्यांचे ढीग घ्यायचे ठरतंय: उधाण ३, भांग ३, मधले २. सुट्टी कधी आहे ते आता बघणार नाही.

मोजपट्टी

एक राहिलं. अष्टमीला पाच बायका आणि उधाणाला वीस. तुम्हाला "एका दिवसाची" सरासरी हवी आहे की "एका बाईच्या एका खेपेची"? पहिल्यात सरासरी काढताना अष्टमीच्या दिवसाला उधाणाइतकंच महत्त्व, दुसऱ्यात एक चतुर्थांश. उत्तरं बरीच वेगळी येतील.

खाडीकाठ

हा विचार केलाच नव्हता. प्रकल्पाच्या शीर्षकात "प्रति बाई प्रति दिवस" आहे, पण ज्या दिवशी ती खाडीत उतरलीच नाही तो दिवस शून्य धरायचा का, ते मावशींनाच विचारते आधी.