मदत हवी आहे: दिवसभर एकटा राहणारा बोका गादीवर शू करतोय

मनाली_वाकड
आम्ही दोघं सकाळी साडेआठला हिंजवडीला निघतो, परत यायला आठ वाजतात. तीन आठवड्यांपासून भुऱ्या गादीवर शू करतोय. शेजारच्या काकू म्हणतात, दाराशी बसून ओरडतो. खेळणी आणली, ढुंकूनही बघत नाही. एकटेपणामुळेच ना? लवकर सांगा, गादी दोनदा उन्हात टाकून झाली.

सह्याद्रीचा_वारा
दुसरं मांजर आणा. आमच्याकडे दोघी आहेत, घरी कोणी आहे की नाही याचं त्यांना काही पडलेलं नसतं.

अनघा_कर्वेनगर
थांबा, आधी हे सांगा. वय किती? नसबंदी झालीय का? गादीवर मोठं थारोळं असतं की चार थेंब? वाळूचा ट्रे कुठे ठेवलाय? आणि तीन आठवड्यांपूर्वी घरात काय बदललं?

मनाली_वाकड
दीड वर्षाचा आहे, नसबंदी झालीय. कधी थारोळं, कधी थोडीशीच. बदललं काहीच नाही. हो, सासूबाई चार महिने इथे होत्या, त्या कराडला परत गेल्या. पण त्याला खायला मीच घालते.

अनघा_कर्वेनगर
मग बदललं की! त्याचा दिवसभराचा सोबती गेला. तरी "थोडीशीच" हा शब्द मला खटकतोय. ट्रेमध्ये सारखा जाऊन कुंथतो का? खालची जागा चाटत बसतो का? बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. कुंथूनही काही येत नसेल तर रात्र असली तरी डॉक्टरकडे न्या, सकाळची वाट बघू नका. एरवीही या आठवड्यात लघवी तपासून घ्या. नुसत्या ताणानेही बोक्याच्या मूत्राशयाला सूज येते, म्हणून "मनाचं की शरीराचं" असं वाटून टाकता येत नाही.

राजा_कोथरूड
आमचा लॅब्राडोर असाच करायचा. सकाळी एक तास फिरवायला लागलो आणि बंद झालं.

अनघा_कर्वेनगर
राजा, मांजराला तासभर फिरवून दमवता येत नाही. त्याचा क्रम शिकार, खाणं, झोप असा असतो. मनाली, निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेलं पीस जमिनीवरून सरपटत न्या, हवेत नुसतं हलवू नका. शेवटी त्याला पकडू द्या आणि लगेच खायला द्या. मग अंग चाटून झोपतो. रोजच्या दाण्यांतलेच थोडे पुठ्ठ्याच्या नळ्यांत घालून, टोकं दुमडून घरभर लपवा. पहिल्या दिवशी टोकं उघडीच ठेवा, नाहीतर तो नाद सोडून देईल. सगळी खेळणी एकदम पसरू नका, दोन-दोन आळीपाळीने काढा.

सह्याद्रीचा_वारा
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुसरं पिल्लू सोपं आहे.

अनघा_कर्वेनगर
कधी कधी होतंही सोपं. पण आधीच ताणात असलेल्या बोक्याच्या घरात अनोळखी मांजर आलं की शू वाढलेली मी पाहिलीय. आधी याचं कारण कळू दे. जुना फोन शेल्फवर ठेवून निघाल्यानंतरचं रेकॉर्डिंग करा.

पूर्वा_सिंहगडरोड
गादी कशाने पुसताय? फिनेल नको, मांजराला विषारी असतं. वास राहिला की तो तिथेच जातो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते गादीत मुरू द्यावं लागतं. आणि बाल्कनीला जाळी आहे ना? आमची तिसऱ्या मजल्यावरून पडली होती, कबुतरामागे.

मनाली_वाकड
जाळी आहे. फिनेल वापरत होते, बंद केलं.

*(सहा दिवसांनी)*

मनाली_वाकड
लघवीत थोडं रक्त आलं, खडे नाहीत, नळी तुंबलेली नाही. डॉक्टरांनी दुखणं कमी करणारं औषध दिलं आणि ओलं खाणं वाढवायला सांगितलं. पण रेकॉर्डिंग बघून मला रडू आलं. आम्ही गेल्यावर चाळीस मिनिटं दाराशी ओरडला, मग झोपला. अडीचला उठून कोरड्या बाल्कनीकडे गेला, तर वाऱ्याने तिचं दार लागलेलं. ट्रे त्या बाल्कनीतच. दाराला पंजाने खरवडलं, पाठ फिरवली आणि आमच्या गादीवर गेला. सासूबाई असताना दार उघडंच असायचं, म्हणून मला कधी सुचलंच नाही.

अनघा_कर्वेनगर
आता घरात आणखी एक ट्रे ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून लांब. जुना हलवू नका, फक्त दाराला अडसर लावा.

मनाली_वाकड
परवापासून बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवलाय, दोन दिवस गादी कोरडी आहे. नळ्यांतले दाणे दुपारी शोधतो. दाराशी ओरडणं मात्र तसंच आहे, पस्तीस-चाळीस मिनिटं. त्यावर कोणी काही केलंय का?

सह्याद्रीचा_वारा
मी सांगितलं होतं ते.

पूर्वा_सिंहगडरोड
आमच्याकडे दुपारी एक मुलगी येऊन अर्धा तास बसते. पण तुमचा निघतानाच ओरडतोय. चपला-किल्ली घेऊन दाराबाहेर एक मिनिट थांबायचं आणि तो ओरडायच्या आत परत यायचं, असं शनिवार-रविवारी करून बघा. मला महिना लागला होता, आणि पूर्ण बंद झालं नाही.