मदत हवी आहे: शेष सिद्धांतावरून पूर्णांकांची विभाज्यता सिद्ध होते का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अकरावीच्या मुलांना गणित शिकवते. xⁿ − aⁿ ला x − a ने भाग जातो, हे मी शेष सिद्धांताने दाखवलं: x च्या जागी a ठेवला की बाकी शून्य. उदाहरण घेतलं १७³ − ५³ = ४९१३ − १२५ = ४७८८, आणि ४७८८ = १२ × ३९९. सगळ्यांना पटलं.

मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, बहुपदीला भाग गेला म्हणजे संख्येलाही जातोच कशावरून?" तिचं उदाहरण चोख होतं. x² + x ला २x + २ ने भाग जातो, भागाकार x/२. पण x = १ घेतल्यास २ ला ४ ने भाग जात नाही!

माझ्या मते फरक भागाकाराच्या सहगुणकांत आहे. आपल्याकडे भागाकार xⁿ⁻¹ + xⁿ⁻²a + … + aⁿ⁻¹ येतो, सगळे सहगुणक १. म्हणून x, a पूर्णांक असले की भागाकारही पूर्णांक. वरचे ३९९ म्हणजे २८९ + ८५ + २५.

आता प्रश्न असा: भागाकार न लिहिता, "भाजकात x चा सहगुणक १ आहे, म्हणून भागाकारात अपूर्णांक येणारच नाही" एवढं कारण सिद्धतेत पुरेसं आहे का? दीर्घ भागाकारात प्रत्येक पायरीला १ नेच भागावं लागतं, त्यामुळे मला ते पुरेसं वाटतं. बोर्डाच्या पेपरात गुण कापले जाऊ नयेत म्हणून तुम्ही मुलांना नेमकं काय लिहायला सांगता?